ओव्हनच्या गायरानातलं वाय-फाय

"मामा, आजीनं दूध गरम करायला ठेवलं की माझा क्लास अडकतो." भाची हे दोन-तीनदा बोलली, तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. मग एका रविवारी तिच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो, `ping 192.168.1.1` चालू केलं आणि बहिणीला सांगितलं, ओव्हनमध्ये पाण्याचा पेला ठेव आणि दोन मिनिटं लाव. राउटरकडून येणारं उत्तर तोवर दोन-तीन मिलिसेकंदांत परत येत होतं. ओव्हन घुमू लागला तसे आकडे चाळीस, नव्वद, दोनशे असे चढले आणि मधली काही उत्तरं आलीच नाहीत. टिंग वाजल्यावर पुन्हा दोन-तीन. या सगळ्या वेळात वाय-फायच्या काड्या मात्र भरलेल्याच होत्या.

दूध तापवणारं यंत्र आणि इंटरनेट वाहणारी लहर एकमेकांच्या वाटेत का यावीत? हा योगायोग नाही. वाय-फायला ती जागा मिळाली तीच मुळी तिथे आधीपासून ओव्हन होता म्हणून.

1940 च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. तांब्याच्या ठोकळ्यात कोरलेल्या पोकळ्या, मध्ये तापलेली कॅथोड, भोवती चुंबक. त्यातून सुमारे दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरी इतक्या जोरात निघाल्या की विमानात मावणारं रडार शक्य झालं. त्याच वर्षी ब्रिटिशांनी तो अमेरिकेला नेऊन दिला. तिथे तो मोठ्या संख्येनं बनवणाऱ्यांत रेथिऑन ही कंपनी होती, आणि कंपनीत होते पर्सी स्पेन्सर. चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना त्यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, असं सांगतात. मग त्यांनी मक्याचे दाणे समोर धरले, ते फुटले. ऑक्टोबर 1945 मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज केला, आणि 1947 मध्ये माणसाच्या उंचीचा पहिला ओव्हन हॉटेलांसाठी विक्रीला आला.

पण रेडिओच्या जगात असं यंत्र म्हणजे गोंगाटच. त्याला कुठेतरी बाजूला बसवणं भाग होतं. 1947 च्या अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत 2450 मेगाहर्ट्झच्या दोन्ही अंगांना पन्नास-पन्नास मेगाहर्ट्झचा पट्टा उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी राखला गेला. तिथे कुणी संदेशवहन करायचं म्हटलं तर या यंत्रांचा उपद्रव मुकाट्यानं सोसायचा, ही अट. पाण्याचा रेणू याच वारंवारतेला 'अनुनाद' देतो म्हणून ती निवडली, असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही. पाणी याहून कितीतरी वरच्या वारंवारतेला अधिक शोषतं. 2450 वर लहर अन्नात काही सेंटिमीटर आत शिरते आणि तरीही पुरेशी शोषली जाते, म्हणून स्वयंपाकाला ती सोयीची.

असा पट्टा म्हणजे गावाचं गायरान. कुणाच्या नावावर नाही, म्हणून कुणी मोलही दिलं नाही. 1985 मध्ये अमेरिकेच्या एफसीसीनं मायकेल मार्कस यांच्या पुढाकारानं यासह अशा तीन पट्ट्यांत, संदेश रुंद पसरून पाठवणार असाल तर, विनापरवाना रेडिओ वापरायला मुभा दिली. पसरलेला संदेश थोडा ठोकर खाऊनही उभा राहतो, हा त्यामागचा विचार. 1997 मध्ये 802.11 हे मानक आलं, 1999 मध्ये वाय-फाय हे नाव. भारतात हा पट्टा जानेवारी 2005 मध्ये परवानामुक्त झाला. परवाना लागत नाही म्हणूनच राउटर आपण दुकानातून आणून सरळ भिंतीला लावतो, आणि म्हणूनच ओव्हनविरुद्ध तक्रार नेण्याची जागाही नाही.

आता स्वयंपाकघरात परत येऊ. ओव्हनच्या दाराची जाळी चांगली असते. तिची भोकं मिलिमीटरभर, लहर सव्वाबारा सेंटिमीटरची, त्यामुळे जवळजवळ सगळं आतच अडतं. पण आत 800 वॅट आहेत. त्यातला दहा हजारावा भाग दाराच्या फटीतून बाहेर आला तरी 80 मिलिवॅट होतात, आणि घरातला राउटर स्वतःच 100 मिलिवॅटच्या आसपास बोलतो. माणसाला यानं काही होत नाही, पण राउटरच्या कानाशी ते ओरडणंच.

वाय-फायची रीत अशी की आधी ऐकायचं, शांतता असेल तरच बोलायचं. ओव्हन चालू असेपर्यंत शांतता कुठली? तरी संपर्क साफ तुटत नाही, कारण नेहमीच्या ओव्हनचा मॅग्नेट्रॉन सलग चालत नाही. आपली वीज सेकंदाला पन्नास फेरे करते. प्रत्येक फेऱ्याच्या वीस मिलिसेकंदांपैकी अर्ध्यात तो पेटतो, उरलेल्या साधारण दहात गप्प असतो. वाय-फाय त्या दहांतून वाट काढतं. खरी गंमत पुढे आहे. 1500 बाइटचं पाकीट 54 मेगाबिटच्या वेगानं पाव मिलिसेकंदात जातं. त्या फटीत अशी कित्येक मावतात. पण पाकिटं हरवू लागली की राउटरला वाटतं समोरचा दूर गेला, आणि तो सावकाश बोलू लागतो. घसरत घसरत 1 मेगाबिटवर आला तर त्याच पाकिटाला 12 मिलिसेकंद लागतात, म्हणजे फटीपेक्षा जास्त. दूरच्या श्रोत्यासाठी केलेली सोय इथे उलटते. इन्व्हर्टर ओव्हनची चाल निराळी असते, त्यात अशा मोकळ्या फटी मिळतीलच असं नाही.

भिंत आणि अंतर यांचा त्रास वेगळ्या जातीचा, आणि तो ओळखताही येतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती चौथाई होते, म्हणजे 6 डेसिबलची घट. साडेचार इंची विटेची भिंत साधारण तितकीच घेते. सळ्यांचं काँक्रीट त्याच्या दुप्पट-तिप्पट. बहिणीकडे राउटरपासून दोन मीटरवर लॅपटॉप सिग्नलच्या बळाचा आकडा -40 dBm दाखवत होता. आठ मीटरवर मोकळ्यात तो -52 व्हायला हवा. भाचीच्या खोलीत मधल्या एका भिंतीसह -58 होता, हिशेब जुळला. ओव्हन लावल्यावरही तो -58 च राहिला. घटलं ते बळ नव्हतं, वाढला होता गोंगाट. काड्या उतरल्या तर दोष भिंतीचा किंवा अंतराचा. काड्या भरलेल्या आणि वेग पडला तर कुणीतरी मध्ये बोलतंय.

म्हणून राउटरचा जोर वाढवण्याची साधनं विकत घेण्याआधी हे एवढं तपासा. भाचीचा लॅपटॉप आम्ही 5 गिगाहर्ट्झच्या जाळ्यावर नेला. त्या लहरीला भिंत अधिक जड जाते, आकडा -69 वर उतरला आणि एक काडी गेली. ओव्हन पुन्हा दोन मिनिटं लावला. उत्तरं तीन-चार मिलिसेकंदांत येत राहिली.