दीड सेकंद आणि सावकाश चढणारं विष

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट पहिल्यांदा खेळणाऱ्याची एक तक्रार ठरलेली असते. एक मंत्र टाकला की पट्टीवरची जवळजवळ सगळीच बटणं काळवंडतात आणि दीड सेकंद कितीही बडवली तरी हलत नाहीत. एखाद्या मोठ्या मंत्राला स्वतःचा दोन मिनिटांचा कूलडाउन असला तर ते पटतं. पण न वापरलेल्या मंत्रांनाही शिक्षा कशासाठी? हा सामाईक थांबा म्हणजे ग्लोबल कूलडाउन. त्याचं मूळ शोधताना वाटेत डॉटही भेटतो. डॉट म्हणजे 'डॅमेज ओव्हर टाइम': एकदा लागलं की शत्रूचा जीव हप्त्याहप्त्याने खाणारं विष, शाप किंवा रक्तस्राव.

दोघांचं एक जुनं घर कोपनहेगन विद्यापीठात आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी लिहिलेला डिकुमड हा निव्वळ अक्षरांचा खेळ १९९१ मध्ये बाहेर आला. त्याचा सर्व्हर सेकंदाला चार ठोके मोजायचा. बारा ठोके, म्हणजे तीन सेकंद झाले की लढाईची एक फेरी. लाथ मारण्यासारखा डाव टाकला की सर्व्हर त्या खेळाडूला काही फेऱ्या थांबवून ठेवायचा. तेवढ्या वेळात टाइप केलेल्या आज्ञा रांगेत पडून राहत. विषाचा हिशेब मात्र याहून संथ होता. खेळातला एक तास खऱ्या पंचाहत्तर सेकंदांचा, आणि विषबाधा झालेल्याचे दर तासाला दोन गुण जायचे. आजच्या खेळाडूला हे विष म्हणजे सर्दी वाटेल.

१९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट आला. डिकुमडचा कोड आपण घेतलेला नाही, असं त्याच्या कर्त्यांनी पुढे शपथेवर सांगितलं; पण खेळण्याची घडण बरीचशी तीच होती. त्यात विषाचा हप्ता, म्हणजे टिक, सहा सेकंदांवर आला.

२००४ च्या वॉरक्राफ्टमध्ये थांबा दीड सेकंदांवर स्थिरावला. चोरपंथी रोगला तर एकच सेकंद. हा आकडा उपयोगाचा आहे. बटण दाबल्याची बातमी सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला वेळ लागतो, आणि तेव्हाच्या फोनलाइनवर तो चांगलाच जाणवायचा. थांबा नसता तर जवळच्या, वेगवान जोडणीवाल्याने त्याच वेळात दुप्पट वार केले असते. शिवाय एका मॅक्रोवर दहा मंत्र बांधून ते एकदम सोडता आले असते. थांब्यामुळे लढाई बोटांच्या वेगाची न राहता निवडीची झाली.

आणि त्या निवडीतूनच डॉटला किंमत आली. वॉरलॉकचं जुनं उदाहरण घेऊ. शॅडो बोल्ट टाकायला मुळात तीन सेकंद लागायचे आणि तो पाचशेच्या आसपास इजा करायचा. करप्शन या डॉटची सातवी पायरी अठरा सेकंदांत ८२२ इजा करायची: दर तीन सेकंदांनी १३७, असे सहा हप्ते. कौशल्याचे गुण खर्चून करप्शन तत्काळ करून घेतला की त्याची किंमत फक्त एक ग्लोबल कूलडाउन, म्हणजे दीड सेकंद. बोल्टच्या निम्म्या वेळात दीडपटीहून जास्त इजा. मात्र शत्रू नवव्या सेकंदाला मेला तर तीनच हप्ते वसूल, म्हणजे ४११. आणि अधीर होऊन सोळाव्या सेकंदाला पुन्हा करप्शन टाकला, तर अठराव्या सेकंदाला येणारा सहावा हप्ता बुडायचा, कारण घड्याळ शून्यापासून सुरू व्हायचं. पुढचा हप्ता थेट एकोणिसाव्या सेकंदाला. खेळाडू याला क्लिप करणं म्हणत. ओळखायची खूण सोपी: लढाईच्या नोंदीत दोन हप्त्यांमधलं अंतर तीनाऐवजी चार सेकंद दिसतं.

खरी गंमत चाळीस जणांच्या रेडमध्ये झाली. सुरुवातीला एका शत्रूवर आठच डिबफ, म्हणजे बाधा, राहू शकत. चाळीस जणांत आठ जागा! नवी बाधा आली की जुनी एखादी गळायची, आणि साऱ्यांच्या फायद्याचा शाप कुणाच्या तरी क्षुल्लक विषाने ढकलला जायचा. म्हणून ज्याचं हत्यारच करप्शन, त्या वॉरलॉकला रेडचे म्होरके 'डॉट टाकू नकोस' असं बजावत. माझ्या मते खेळाच्या आखणीतली ही सरळ चूक होती. २००५ च्या १.७ आवृत्तीत मर्यादा सोळा झाली, तरी ती तोकडीच पडली.

त्याच आवृत्तीत हक्कार या राक्षसाचा 'करप्टेड ब्लड' हा संसर्गजन्य डॉट आला. तो पाळीव प्राण्यांमार्फत शहरांत पोहोचला, कमकुवत पात्रं पटापट मरू लागली आणि पुढे साथरोगतज्ज्ञांनीही त्यावर लिहिलं. ती वेगळी कथा.

क्लिपचं दुखणं पुढच्या आवृत्त्यांत कमी होत गेलं. २०१४ पासून उरलेला वेळ, मूळ मुदतीच्या तीस टक्क्यांपर्यंत, नव्या डॉटला जोडला जातो. म्हणजे अठरा सेकंदांचा डॉट शेवटच्या ५.४ सेकंदांत कधीही पुन्हा टाकला तरी काही वाया जात नाही. त्याआधी टाकला, तर तीस टक्क्यांवरचा उरलेला वेळ फुकट गेलाच म्हणून समजा.