जब्याचा दगड कोणाचा?

सिनेमा शेकडो लोक मिळून बनवतात. मग समीक्षक एकट्या दिग्दर्शकाला कर्ता का मानतात? 1954 साली फ्रान्समध्ये त्रुफो या तरुण समीक्षकाने पटकथेला पडद्यावर नुसते उतरवणाऱ्या दिग्दर्शकांवर हल्ला चढवला. 1962 साली अमेरिकेत अँड्र्यू सॅरिसने कसोटी मांडली: तांत्रिक कौशल्य, सर्व चित्रपटांतून दिसणारे व्यक्तिमत्त्व आणि आतला अर्थ. पुढच्याच वर्षी पॉलीन केल यांनी ती खोडून काढली. पुनरावृत्ती म्हणजे गुणवत्ता नव्हे, असा त्यांचा आक्षेप.

ही कसोटी नागराज मंजुळेंना लावून पाहू. ‘फँड्री’च्या (2013) शेवटी जब्याचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो आणि पडदा काळा होतो. ‘सैराट’च्या (2016) शेवटी आवाज बंद होतो, रक्ताने माखलेली बाळाची पावले उरतात. दोन्हीकडे कथा संपते आणि प्रेक्षक साक्षीदार होऊन अडकतो. दोन्ही चित्रपटांचे छायाचित्रकार वेगळे: विक्रम अमलाडी आणि सुधाकर रेड्डी यक्कंटी. माणसे बदलूनही जे टिकते, ते दिग्दर्शकाचे, असे म्हणता येते. पण ‘सैराट’च्या गाण्यांची झिंग अजय-अतुल यांची, तिचे श्रेय मंजुळेंच्या खात्यावर टाकणे चूक.

तरीही एक प्रश्न उरतो. सवर्ण दिग्दर्शकाने तेच ते केले की ती ‘शैली’ आणि दलित दिग्दर्शकाने केले की तो फक्त ‘अनुभव’, असे का? अनुभव लाखोंकडे आहे. दगड कॅमेऱ्यावर मारायचा, हा निर्णय कलावंताचा आहे.