अप की डाऊन? दोन सेन्सर आणि एका मोजणीची गोष्ट

डोंबिवली स्टेशनवर उभं राहिलं की अप म्हणजे मुंबईकडे आणि डाऊन म्हणजे कल्याणकडे, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण रुळावर बसवलेल्या यंत्राला, वरून गेलेलं चाक कुठे गेलं हे कसं कळतं? आजचा भाग त्याबद्दल.

आधी थोडा इतिहास. पुढच्या रुळावर गाडी आहे का, हे ओळखायची जुनी युक्ती म्हणजे ट्रॅक सर्किट. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. रुळांतून हलका प्रवाह सोडायचा; गाडी आली की तिची चाकं दोन्ही रूळ जोडतात, रिले पडतो, सिग्नल लाल. सोपं आहे. पण आपल्याकडे बऱ्याच मार्गांवर लोखंडी स्लीपर होते, ते गाडी नसतानाच रूळ जोडून टाकायचे. पावसात रुळांवर पाणी चढलं तरी तोच घोळ. म्हणून दुसरा रस्ता निघाला, ॲक्सल काउंटर: विभागात किती ॲक्सल शिरले आणि किती बाहेर पडले, ते मोजायचं. भारतात यावर आयआयटी दिल्लीत काम झालं आणि साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने हे काउंटर बनवले.

आता खरी गंमत. रुळाच्या एका बाजूला कॉइल सिग्नल पाठवते, दुसऱ्या बाजूची पकडते. मध्ये चाक आलं की सिग्नल बदलतो. एकच जोडी लावली तर 'चाक आलं' एवढंच कळेल. म्हणून शेजारी दुसरी जोडी लावतात, इतकी जवळ की काही क्षण एकच चाक दोघींनाही दिसतं. पहिली ए, दुसरी बी. चाक कल्याणकडे गेलं तर दोघींची अवस्था अशी बदलते:

```
AB: 00 → 10 → 11 → 01 → 00
```

मुंबईकडे गेलं तर हीच रांग उलटी वाचायची. कुठल्याही क्षणी 'आधी काय होतं आणि आता काय आहे' एवढं पाहिलं की दिशा कळते. रांग सुलट पूर्ण झाली तर काउंटरमध्ये एक मिळवा, उलट झाली तर एक वजा करा. हाच अप-डाऊन काउंटर.

समजा डोंबिवली आणि ठाकुर्लीच्या मध्ये असा एक विभाग आहे. बारा डब्यांची लोकल, डब्याला चार ॲक्सल, म्हणजे ४८. गाडी आत शिरली, काउंटर ४८. आता ती सिग्नलला थांबली आणि किंचित मागे सरकली. शेवटचं ॲक्सल सेन्सरवरून बाहेर गेलं आणि पुन्हा आत आलं. दिशा न कळणारा काउंटर बाहेर जाणं आणि परत येणं दोन्ही मिळवून ५० म्हणेल. पलीकडे ४८ वजा होतील, दोन उरतील आणि रिकाम्या रुळावर सिग्नल लालच. अप-डाऊन काउंटर मात्र ४८, ४७, ४८ असं जातो आणि गाडी गेल्यावर शून्यावर येतो. चाक बरोबर सेन्सरच्या काठावर थरथरत राहिलं तर अवस्था `10` आणि `11` मध्ये नुसती हेलकावे खाते. रांग पूर्ण होत नाही, त्यामुळे मोजणीही होत नाही.

आता हा सरळ रूळ वाकवून गोल करा, चाकांच्या जागी तबकडीच्या खाचा ठेवा, की झाला क्वाड्रेचर एन्कोडर. दोन सेन्सर खाचेच्या पाव अंतराने सरकवलेले असतात, नाव त्यावरूनच. एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ ला दाखवलेल्या माऊसमध्ये चाकांना पोटेन्शिओमीटर होते. झेरॉक्स ऑल्टोच्या माऊसने १९७० च्या दशकात क्वाड्रेचर वापरलं. नंतर सायबर कॅफेतल्या गोळीवाल्या माऊसमध्येही खाचांच्या दोन तबकड्या, एक आडव्या आणि एक उभ्या हालचालीसाठी. इथे प्रत्येक अवस्थाबदल मोजता येतो, म्हणून ३६ खाचांची तबकडी एका फेरीत १४४ पायऱ्या देते. काउंटर ३६ वर असेल तर तबकडी पाव फेरी फिरलीय.

पण `00` वरून थेट `11` दिसलं तर? दोन्ही एकदम बदलले, म्हणजे मधली पायरी वाचायचीच राहिली. तबकडी वाचणाऱ्यापेक्षा जोरात फिरली. पायऱ्या हुकल्या, आणि कुठल्या दिशेला ते सांगता येत नाही. चांगला डिकोडर अशा वेळी अंदाज न बांधता त्रुटी दाखवतो.

दुसरी मर्यादा शून्याची. वीज गेली की मोजणी गेली. बऱ्याच एन्कोडरना म्हणून फेरीत एकदाच लागणारी तिसरी खूण असते. रुळावर अशी खूण कुठून आणणार? तिथे माणूस लागतो. विभाग रिकामा असल्याची खात्री करून काउंटर रीसेट करतात, तरी विभाग लगेच मोकळा धरत नाहीत. पहिली गाडी सावकाश पुढे सोडतात, आत आणि बाहेरचे ॲक्सल जुळले की मगच सिग्नल पुन्हा नेहमीसारखा. आणि रूळ तुटला, तर ट्रॅक सर्किटला ते बऱ्याचदा कळतं. ॲक्सल काउंटरला अजिबात नाही, त्याला फक्त चाकं दिसतात.