टहरौलीच्या भिंतीवरील शिक्का

काही वर्षांपूर्वी शासकीय कामानिमित्त झाशी जिल्ह्यातील टहरौली तहसिलीत जाण्याचा योग आला. एका जुन्या मातीच्या घराच्या ओसरीत बसलो असता दाराशेजारच्या भिंतीवर पुसट झालेला गेरूचा शिक्का दिसला. त्यावर फवारणीची तारीख, फेरीचा क्रमांक आणि 'डीडीटी' ही अक्षरे होती. यजमान वृद्ध गृहस्थ म्हणाले की, दवावाले दर वर्षी येत, शिक्का मारून जात, आणि दिवाळीला घर सारवले की तो शिक्का मातीखाली जात असे. हा एकच कसा वाचला, याचे त्यांनाही नवल वाटत होते.

त्यांच्या या साध्या वाक्यात एका मोठ्या प्रशासकीय प्रश्नाचे बीज आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. सारवणाखाली गेलेले ते औषध गेले कोठे? आणि ज्या पदार्थावर जगातील बहुसंख्य देशांनी बंदी घातली, तो आपल्या खेड्यांतील भिंतींवर इतकी वर्षे नियमानुसार कसा मारला जात राहिला? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम थोडा इतिहास. डीडीटी हे रसायन १८७४ मध्येच प्रयोगशाळेत तयार झाले होते. परंतु त्याचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधील पॉल म्युलर यांच्या लक्षात आला, आणि त्यासाठी त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात हिवतापाचे वर्षाला सुमारे साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असावेत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले, आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या घरात आली. डीडीटीवर टीका करणाऱ्याने हा आकडा आधी मान्य केला पाहिजे. हे औषध देशातच बनावे म्हणून केंद्र सरकारने १९५४ मध्ये हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी स्थापन केली. तिचे कारखाने प्रथम दिल्लीत, नंतर केरळात उद्योगमंडल येथे आणि पुढे आपल्या रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे उभे राहिले. बुंदेलखंडातील भिंत आणि महाराष्ट्रातील कारखाना यांचा संबंध असा आहे.

मात्र यश टिकले नाही. डासांमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण झाली, देखरेख सैल झाली, आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. फवारणी चालूच राहिली. परंतु तिच्या फळाविषयी पूर्वीची निश्चिती उरली नाही.

आता भिंतीवर किती औषध जाते, ते पाहू. ठरलेले प्रमाण दर चौरस मीटरला एक ग्रॅम शुद्ध डीडीटी असे आहे. एका सर्वसाधारण घरात फवारण्याजोगे क्षेत्र दीडशे चौरस मीटर धरले, तर एका फेरीत दीडशे ग्रॅम आणि वर्षाच्या दोन फेऱ्यांत तीनशे ग्रॅम लागते. पाचशे घरांच्या गावाला वर्षाकाठी दीडशे किलो. वीस वर्षे ही फवारणी नियमित झाली असे मानले, तर त्या एका गावात तीन टन डीडीटी आले. त्यात मातीच्या भिंतीची अडचण निराळीच आहे. माती औषध आत शोषून घेते, त्यामुळे पृष्ठभागावर बसणाऱ्या डासाला ते पुरेसे लागत नाही. आणि त्यावर सारवण झाले की उरलेलाही परिणाम संपतो. म्हणजे डासापुरते औषध निकामी झाले. परंतु ते नष्ट मात्र झाले नाही. भिंतीची माती झडते, अंगणात पडते, शेणाबरोबर खतात जाते.

पुढचा प्रवास रसायनाच्या स्वभावाने ठरतो. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र सहज विरघळते. अंगणात माती टोचणारी कोंबडी ते आपल्या चरबीत आणि अंड्यांत साठवते. दुभत्या जनावरात ते दुधातील स्निग्धांशाबरोबर उतरते. दक्षिण आफ्रिकेतील लिंपोपो प्रांतात जेथे घरांत फवारणी होत असे, तेथील कोंबड्यांत, अंड्यांत आणि मातांच्या दुधात डीडीटीचे अंश आढळल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. शरीरात डीडीटीचे रूपांतर डीडीई या पदार्थात होते, आणि तो बाहेर पडण्यास वर्षानुवर्षे लागतात. आईच्या शरीरातून त्याला बाहेर पडण्याचे जे मार्ग आहेत, त्यांतले मोठे दोन म्हणजे गर्भ आणि स्तन्य. (याचा अर्थ स्तनपान टाळावे असा कोणीही घेऊ नये. वैद्यकशास्त्राचा सल्ला आजही स्तनपानाच्याच बाजूचा आहे.)

हा अंश शरीरात काय करतो? येथे नेहमीच्या विषाची कल्पना बाजूला ठेवावी लागते. संप्रेरके रक्तातून अत्यल्प मात्रेत वाहतात आणि पेशीतील विशिष्ट ग्राहकांशी जुळून संदेश देतात. बाजारातील डीडीटी हे एकच रसायन नसून जवळजवळ सारख्या रेणूंचे मिश्रण असते. त्यातील एक लहान घटक स्त्री-संप्रेरकाची सौम्य नक्कल करतो, तर डीडीई पुरुष-संप्रेरकाच्या ग्राहकाची जागा अडवते, असे १९९५ मध्ये दाखवून देण्यात आले. प्रौढ माणसावर अशा ढवळाढवळीचा परिणाम कदाचित जाणवणारही नाही. परंतु गर्भात अवयव घडत असताना संदेश चुकला, तर त्याची दुरुस्ती नंतर होत नाही. कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७ या काळात गर्भवती स्त्रियांचे रक्त साठवून ठेवण्यात आले होते. त्यांच्या मुलींचा मागोवा घेतला असता, ज्यांच्या मातांच्या रक्तात त्या लहान घटकाचे प्रमाण सर्वाधिक होते, त्यांना बावन्न वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे पावणेचार पट आढळली. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. फवारणी आणि परिणाम यांत अर्धशतकाचे अंतर! कोणत्याही आरोग्य खात्याच्या वार्षिक अहवालात असा दोष दिसणे शक्य नव्हते. हिवतापाने वाचलेले प्राण त्याच वर्षी मोजता येतात. हा खर्च मात्र पुढच्या पिढीच्या खात्यावर पडतो.

आणखी एक गोष्ट. उष्ण प्रदेशात या पदार्थांची वाफ होते, वाऱ्याबरोबर ती जाते आणि थंड प्रदेशात खाली उतरते. १९८० च्या दशकात कॅनडाच्या उत्तरेकडील इन्युइट मातांच्या दुधात पीसीबी या औद्योगिक रसायनाचे प्रमाण दक्षिणेतील शहरी मातांपेक्षा कितीतरी अधिक निघाले. ते रसायन त्यांच्या प्रदेशात तयार होत नव्हते. एका देशाच्या कायद्याने हा प्रश्न सुटणार नाही, हे तेव्हा स्पष्ट झाले, आणि वाटाघाटींना प्रारंभ झाला.

या वाटाघाटींत सर्वाधिक वाद डीडीटीवरच झाला. संपूर्ण बंदीची तारीख ठरवावी, असे पर्यावरणवाद्यांचे म्हणणे होते. नेमक्या त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेने १९९६ मध्ये डीडीटी थांबवून दुसरे कीटकनाशक वापरून पाहिले होते. त्याला न जुमानणारा डास परत आला, रुग्ण झपाट्याने वाढले, आणि २००० मध्ये त्या देशाला पुन्हा डीडीटीकडे वळावे लागले. अखेर २२ मे २००१ रोजी स्टॉकहोम करार स्वीकारण्यात आला आणि १७ मे २००४ रोजी तो अमलात आला. सुरुवातीच्या बारा रसायनांपैकी बहुतेकांची जागा परिशिष्ट 'अ' मध्ये, म्हणजे निर्मूलनात होती. डीडीटीला मात्र परिशिष्ट 'ब' मध्ये, म्हणजे निर्बंधात ठेवण्यात आले. रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी, जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार, तेही एका सार्वजनिक नोंदवहीत आपले नाव नोंदवून आणि दर तीन वर्षांनी वापराचा हिशेब देऊन, हे औषध वापरण्याची मुभा राहिली. माझ्या मते हा या कराराचा सर्वांत शहाणा भाग आहे. त्याने बंदीऐवजी हिशेब मागितला.

आपल्या देशाने १३ जानेवारी २००६ रोजी कराराला मान्यता दिली आणि त्या नोंदवहीत नाव नोंदवले. शेतीतील वापर आपण त्यापूर्वीच, १९८९ मध्ये, बंद केला होता आणि सार्वजनिक आरोग्यासाठी वर्षाला दहा हजार टनांची मर्यादा घातली होती. परंतु फट राहिली होती. कोळीनाशक म्हणून शेतीत वापरले जाणारे डायकोफॉल हे डीडीटीपासूनच बनवले जाई, आणि त्यात डीडीटीचा अंश उरू शकत असे. करारात डायकोफॉलचा समावेश २०१९ मध्ये झाला. आपल्याकडे त्यावर बंदी आली ती २०२३ मध्ये. आधीच्या दारातून बाहेर काढलेला पाहुणा मागच्या दाराने चौतीस वर्षे येत राहिला, असे म्हणता येईल.

मान्यता देताना आपण आणखी एक अट घातली होती. करारात नवे रसायन आले, तर आपण स्वतंत्र संमती देईपर्यंत ते आपल्यावर बंधनकारक नसेल. ही अट करारानेच उपलब्ध करून दिलेली होती, आणि सावध देशाने ती घेणे गैर नव्हे. परंतु तिचा परिणाम असा की, यादी जिनिव्हात वाढत गेली आणि आपण जुन्या बारांवर थांबलो. २०१८ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली सात रसायनांसाठी देशांतर्गत नियम झाले, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने त्या सातांना संमती दिली. त्याच निर्णयाने, देशात आधीच नियंत्रित असलेल्या रसायनांबाबत पुढील संमतीचा अधिकार परराष्ट्र आणि पर्यावरण खात्यांच्या मंत्र्यांना देण्यात आला. वृत्तपत्रांत या तरतुदीची फारशी चर्चा झाली नाही. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास किती वर्षे लागतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला मात्र तिचे मोल कळेल.

कराराची एक मर्यादा सांगणे येथे आवश्यक आहे. स्टॉकहोमच्या यादीत येण्यासाठी रसायन टिकाऊ असावे लागते. मातीत सहा महिन्यांहून किंवा पाण्यात दोन महिन्यांहून अधिक काळ निम्मेही न विघटणे, प्राण्यांच्या शरीरात साठणे, दूरवर प्रवास करणे आणि अपाय करणे, अशा तिच्या कसोट्या आहेत. संप्रेरकांत ढवळाढवळ करणे हा अपाय झाला; परंतु केवळ तेवढ्याने रसायन यादीत येत नाही. प्लास्टिकमधील बिस्फेनॉल किंवा थॅलेट शरीरातून काही तासांत वा दिवसांत निघून जातात, म्हणून ते या जाळ्यात सापडत नाहीत. आपण मात्र रोज नव्याने ते घेत असतो. जाळे टिकाऊपणासाठी विणलेले आहे, संप्रेरकांसाठी नव्हे.

असो. टहरौलीहून निघताना मी त्या गृहस्थांना विचारले की, सारवलेल्या भिंतीची जुनी माती ते कोठे टाकत. त्यांनी घरामागच्या लहानशा वाफ्याकडे बोट दाखवले. तेथे वांगी लावलेली होती, आणि कोंबड्या माती उकरीत होत्या. त्या मातीची तपासणी कधी कोणी केली आहे का, असे विचारण्याचे माझ्या ओठांवर आले होते. परंतु उत्तर देणे त्यांचे काम नव्हते. ते आमचे होते. फवारणीच्या प्रत्येक फेरीची तारीख आम्ही भिंतीवर लिहीत होतो. मातीत काय उरले, याची नोंद ठेवण्यासाठी मात्र आमच्याकडे कधी रकाना नव्हता.