पालक-अपत्य नोंद (ई-वाणिज्य)

पालक-अपत्य नोंद ही ऑनलाइन बाजारपेठेत एकाच कपड्याची सर्व मापे व रंग एका पानावर दाखवण्याची पद्धत आहे. पालक नोंद केवळ गट बांधते; ती विकत घेता येत नाही. किंमत व साठा अपत्य नोंदींना असतो आणि त्या प्रत्येकीला स्वतंत्र एसकेयू, म्हणजे विक्रेत्याने ठरवलेला संकेतांक, लागतो.

उदाहरणार्थ, निळा, काळा व लाल अशा 3 रंगांत आणि 4 मापांत मिळणाऱ्या कुर्त्याची पालक नोंद `KRT07` असल्यास तिच्याखाली `KRT07-BLU-M` यासारख्या 12 अपत्य नोंदी येतात. निळ्या व काळ्या या दोन्ही रंगांसाठी `BL` हेच लघुरूप वापरल्यास संकेतांक जुळतात आणि फाइल चढवताना नंतरची नोंद आधीच्या नोंदीची जागा घेऊ शकते. पानावर 12 ऐवजी 8 पर्याय दिसणे ही या चुकीची खूण होय. म्हणून `BLU` व `BLK` अशी तीन अक्षरी रूपे सोयीची ठरतात.

अ‍ॅमेझॉनवर एकदा दिलेला एसकेयू बदलता येत नाही. नोंद काढून नव्याने करावी लागते. त्यामुळे किंमतीसारखी बदलती माहिती त्यात घालणे गैरसोयीचे ठरते. बाह्यांची किंवा गळ्याची रचना वेगळी असलेला कुर्ता मात्र स्वतंत्र पालक नोंदीखाली ठेवतात.