हायड्रॉलिक पॉवर पॅक : टाकी, रिटर्न फिल्टर व ऑइल कूलरची मापे

पॉवर पॅकची टाकी, रिटर्न फिल्टर आणि ऑइल कूलर या तिघांची मापे पंपाच्या प्रवाहावरूनच काढण्याचा प्रघात आहे. टाकीपुरते ते ठीक. बाकी दोघांना तो आकडा पुरत नाही. उदाहरणाला एक छोटा प्रेस घेऊ : पंप मिनिटाला 40 लिटर, दाब 140 बार, मोटर 11 किलोवॅट, तेल व्हीजी 46.

टाकी पंपाच्या मिनिटभराच्या प्रवाहाच्या तीन ते पाच पट धरतात. चौपट धरली तर 160 लिटर तेल होते. त्यावर सुमारे 15 टक्के हवेची जागा सोडावी. टाकीत आलेल्या तेलाला हवा सोडायला, गाळ खाली बसवायला अवधी हवा, म्हणून ही पट. रिटर्न आणि सक्शन यांच्यात आडवा पडदा नसेल, तर आलेले तेल थेट पंपाकडे जाते आणि मोठी टाकीही वाया जाते.

फिल्टरवर खरी चूक होते. प्रेसच्या सिलिंडरचा बोअर 100 मिमी, रॉड 70 मिमी. रॉड आत घेताना पंपाचे 40 लिटर रॉडच्या बाजूच्या 40 चौरस सेंमी जागेत शिरतात. त्याच वेळी पलीकडच्या 78.5 चौरस सेंमी तोंडातून मिनिटाला सुमारे 78 लिटर बाहेर पडतात. म्हणजे 40 लिटरच्या फिल्टरवर जवळजवळ दुप्पट तेल येते. त्यातच 15 अंशांच्या थंडीत हे तेल 40 अंशांच्या मानाने साधारण चौपट घट्ट असते. दाब चढतो, बायपास उघडतो आणि न गाळलेले तेल टाकीत जाते. इथे 160 लिटरचा फिल्टर घ्यावा. सकाळी इंडिकेटर लाल होऊन तेल तापल्यावर हिरवा झाला, तर एलिमेंट चोंदलेले नसते. तेल गरम असतानाही लालच राहिला तर ते बदलावे.

मोटरच्या शक्तीपैकी साधारण पाव हिस्सा किंवा थोडा अधिक उष्णता होतो. इथे 3 किलोवॅट धरू. तेल 55 अंशांवर ठेवायचे आहे. हवा 35 अंश असेल तर टाकीचे पत्रे सुमारे 0.4 किलोवॅट बाहेर टाकतात, उरलेल्या 2.6 साठी अंशाला 0.13 किलोवॅटचा कूलर पुरतो. विदर्भातल्या मे महिन्यात हवा 45 अंशांवर गेली की फरक दहाच अंशांचा उरतो, आणि अंशाला 0.28 किलोवॅट, म्हणजे दुपटीहून मोठा कूलर लागतो. हवेवर चालणारा कूलर तेलाला हवेच्या खाली नेऊ शकत नाही. फरक याहून कमी राहणार असेल तर पाण्याचा कूलर बरा.

अंदाजावर विसंबू नये. कूलर बंद ठेवून, तेल हवेइतकेच गार असताना, प्रेस नेहमीच्या कामावर चालवावा. 160 लिटर तेल एक अंश तापवायला साधारण 265 किलोज्यूल लागतात. पंधरा मिनिटांत तापमान 10 अंशांनी चढले, तर उष्णता 2.9 किलोवॅट. आकडा याच्या बराच वर गेला, तर कूलर वाढवण्याआधी रिलीफ व्हॉल्व्हची परतीची नळी हाताने चाचपावी. काम नसतानाही ती तापत असेल तर तेल तिथूनच पळते आहे.