काउंटरमागच्या पाटीची कुळकथा

खासगी हॉस्पिटलात पैसे भरायच्या रांगेत उभं राहिलं की समोर 'रुग्णांचे हक्क आणि जबाबदाऱ्या' अशी पाटी दिसते. ही चाल मूळची अमेरिकेतली. बोस्टनच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलने १९७२ मध्ये रुग्णांच्या हातात त्यांच्या हक्कांची पुस्तिका दिली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या संघटनेने अशी यादी मंजूर केली. आपल्या पाटीवरच्या काही ओळी मात्र कोर्टातून आल्या आहेत.

तातडीच्या उपचारांची ओळ घ्या. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवलं. जवळच्या हॉस्पिटलने 'आम्ही पोलिस केस घेत नाही' म्हणून त्याला वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवलं आणि वाटेतच त्याचा जीव गेला. ही बातमी वाचून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९८९ च्या निकालाने सांगितलं की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर. डिपॉझिटचा प्रश्न मात्र त्या प्रकरणात नव्हताच. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत 'आगाऊ पैसे न मागता' हेही स्पष्ट आलं. जबाबदाऱ्याही त्या सनदेत आहेत: आजाराची माहिती लपवू नये, ठरलेलं बिल भरावं, डॉक्टर-नर्सच्या अंगावर जाऊ नये.

केसपेपरच्या ओळीचं कूळ मुंबईतलं. पेशंटच्या कागदांची प्रत नाकारताना हॉस्पिटलला गोपनीयतेची सबब सांगता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा प्रकरणात ठणकावलं. पुढे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत मुदत आली: मागणी केल्यापासून ७२ तास. २०१८ च्या सनदेतही ७२ तास आहेत, पण ते डिस्चार्जपासून मोजायचे. पाटी लिहिणाऱ्यांची इथेच गल्लत होते. काहीजण तर 'नियमानुसार कागदपत्रे मिळतील' एवढंच लिहून मोकळे होतात. असल्या पाटीचा पेशंटला काडीचा उपयोग नाही. 'अर्ज दिल्यापासून ७२ तासांत केसपेपरची झेरॉक्स मिळेल. झेरॉक्सचा खर्च अमुक. अर्ज तमुक खिडकीवर द्या' असं लिहायला फार तर दोन ओळी लागतात.

महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक केलं. तरी पाटीकडे बोट दाखवून तोंडी मागणी केली, तर ७२ तास कधी सुरू झाले हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारीख, वेळ व शिक्का घ्यावा. कौन्सिलच्या नियमातही मागणीची पोच द्यावी असंच म्हटलं आहे, त्यामुळे काउंटरवरच्या माणसाला 'पोच देण्याची पद्धत नाही' असं म्हणता येत नाही.